न थांबण्याचा शब्द

जपानच्या सान्रिकु किनाऱ्यावर एक जुनी शिकवण सांगतात: त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापले पळावे, कुणासाठी थांबू नये. तिला तिथे 'त्सुनामी तेन्देन्को' म्हणतात. ऐकताना ती निष्ठुर वाटते. पण १८९६ मध्ये याच किनाऱ्यावर सुमारे बावीस हजार माणसे गेली, आणि एकमेकांना शोधत राहिलेली घरेच्या घरे त्यांत होती. त्या संध्याकाळचा भूकंप सौम्य होता, म्हणून कुणी घाबरले नाही. हलणे मात्र बराच वेळ चालले होते. किनाऱ्यावर धक्क्याच्या जोराइतकेच तो किती वेळ चालतो याकडे लक्ष द्यायचे, ते यासाठी. समुद्र अचानक मागे हटला तर तोही इशाराच. पण दर वेळी तो हटतोच असे नाही, त्यामुळे ते पाहायला थांबणे घातक.

११ मार्च २०११ रोजी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप झाला आणि कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागातली मोठ्या शाळेची मुले धावत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेली होती. पळणारी मोठी मुले दिसताच तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. धोक्याच्या नकाशात या शाळा सुरक्षित भागात होत्या. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तेव्हा मुले लहानांचे हात धरून आणखी वर गेली, आणि तिथूनही पुढे. लाटेने दोन्ही शाळा बुडवल्या. पळालेली सुमारे ५७० मुले वाचली.

त्याच दिवशी ओकावा प्राथमिक शाळेच्या अंगणात मुले पाऊण तासाहून अधिक काळ थांबून होती. शाळेच्या मागेच टेकडी होती. अखेर निघाली तीही नदीपुलाजवळच्या जागेकडे. १०८ पैकी ७४ मुले गेली, दहा शिक्षकही.

मला 'तेन्देन्को'त स्वार्थ दिसत नाही. 'मूल वर गेलेच असेल' हा विश्वास नसेल तर आई शाळेकडे धावणार, आणि मूल आईची वाट पाहत बसणार. हा विश्वास धक्का बसल्यावर तयार होत नाही. कोण कुठल्या वाटेने चढेल आणि सगळे कुठे भेटतील, हे घरात आधीच बोलावे लागते. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचे नाही, हेही त्याच वेळी. पुढच्या लाटा अधिक मोठ्या असू शकतात आणि काही तास येत राहतात.

आपला किनाराही यातून सुटलेला नाही. १९४५ मध्ये मकरानजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. इतक्या दूरच्या भूकंपात पायाखालची जमीन इशारा देईलच असे नाही. तिथे हैदराबादच्या 'इन्कॉइस' केंद्राच्या सूचनेवरच निघावे लागेल.

एक प्रश्न मात्र हा नियम सोडवत नाही. अंथरुणाला खिळलेल्याने कसे पळावे? त्याला उचलणारे दोघे कोण, ही नावे आजच ठरवावी लागतील, आणि त्या दोघांच्या घरच्यांनीही त्याला होकार द्यावा लागेल.