पाट्या टाकू नका

बसा. वह्या उघडू नका, पेन्सिली खाली ठेवा. परवा तुम्हाला एकमेकांचे निबंध वाचून शेरा लिहायला सांगितला होता. त्या बेचाळीस वह्या मी घरी नेल्या आणि रात्री निबंध बाजूला ठेवून फक्त शेरे वाचले. एकतीस वह्यांवर "छान" आहे. त्यातल्या काहींवर "खूप छान", एकीवर "छान छान", आणि एका महाभागाने नुसता हसरा चेहरा काढलाय, तोही वाकडा. उंटाच्या लग्नात गाढवं गायला बसली आणि दोघांनी एकमेकांची वाखाणणी केली, तसलाच हा प्रकार आहे. तुम्हाला वाटतं, आपण मैत्री राखली. नाही. समोरच्याने दोन रात्री बसून लिहिलं आणि तुम्ही दोन मिनिटांत पाट्या टाकल्यात. "छान"चा सरळ अर्थ "मी वाचलं नाही" असा होतो, आणि ज्याची वही आहे त्याला तो कळतो. तुम्हालाही कळला असता, पण आपल्या वहीवर "छान" दिसलं की तुम्ही खूश होता.

उरलेल्या अकरांनी तरी उजेड पाडला का? पाच जण अक्षरावर घसरलेत. "अक्षर कोंबडीच्या पायासारखं." अक्षर वाचायला सांगितलं होतं की निबंध? एकाने लिहिलंय, "तुला लिहिता येत नाही, बोअर आहेस." बोअर निबंध असू शकतो, माणसाला बोअर म्हणून निबंधातली एक ओळ तरी सुधारते का? आणि ज्याने मैत्रिणीच्या निबंधातला "वावर" हा शब्द खोडून त्यावर "शेत" लिहिलं, शेजारी "गावठी" असा शेरा मारला, त्याला विचारते. तिचे आजोबा ज्यात राबतात त्याला त्यांच्या घरी वावरच म्हणतात. त्या एका शब्दाने तिचं गाव कागदावर आलं होतं, ते तू पेनाने खोडलंस. पेनाने! दुसऱ्याच्या वहीत पेन चालवायचा अधिकार तुला दिला कोणी? त्यातलीच आणखी एक करामत ऐका. एकीने बरोबर लिहिलेला "आशीर्वाद" दुसरीने खोडून "आशिर्वाद" केला. शी दीर्घच असते, मुली. म्हणून आजपासून नियम: दुसऱ्याच्या शब्दावर हात चालवायचा नाही. शंका आली तर त्याखाली पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं. शब्दकोश ज्याचा तो उघडेल.

आता उरलेल्यातली एक चिठ्ठी. ती नसती तर आज मी गणिताच्या सरांना तास देऊन टाकला असता. ज्याच्या निबंधावर ती आहे त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही, आणि इकडेतिकडे बघायचं नाही. विषय "अविस्मरणीय प्रवास". पहिला परिच्छेद असा:

"माणसाच्या जीवनात प्रवासाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. प्रवासामुळे ज्ञानात भर पडते. मे महिन्यात मी आणि आजी मावशीकडे निघालो. स्टँडवर खूप गर्दी होती. आजीने बटव्यातून पैसे काढून मोजले आणि पुन्हा ठेवून दिले. मग एसटी आली. रस्त्याच्या दुतर्फा निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केली होती. आम्ही पोहोचलो. खूप मजा आली."

दोघांनी हा वाचला. पहिल्याचा शेरा: "छान आहे, पण अजून चांगला करता आला असता." हे वाक्य कुठल्याही वहीवर चिकटवा, चिकटेल. माझ्या वहीवर, तुमच्या वहीवर, किराणा दुकानाच्या खातेवहीवरसुद्धा. म्हणून ते निरुपयोगी. शेरा लिहून झाला की ही एकच चाचणी घ्यायची: हा दुसऱ्या वहीवर चालला असता का? चालला असता तर फाडा आणि पुन्हा वाचायला बसा.

दुसरीची चिठ्ठी अशी: "पाचव्या वाक्यात आजी पैसे मोजते आणि परत ठेवते. मी तिथे थांबले. का ठेवले? कमी होते का? पुढे तू सांगतच नाहीस, म्हणून शेवटी मजा आली यावर माझा विश्वास बसला नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कसली उधळण असते?"

काय केलं तिने? जागा दाखवली, "पाचव्या वाक्यात". आपल्याला काय झालं ते सांगितलं, "मी थांबले". तू चुकलास असं कुठेच म्हटलं नाही. आणि प्रश्न विचारला. उत्तर त्याच्याकडेच आहे, तिच्याकडे नाही, हे तिला माहीत होतं. तिने त्याच्या जागी वाक्य लिहून दिलं नाही. तुमच्यातले हुशार नेमकं तेच करतात, दुसऱ्याचा निबंध स्वतःच लिहून टाकतात, आणि मग तो निबंध कोणाचाच राहत नाही. उधळणीबद्दलचा शेवटचा प्रश्न जरा खोचक आहे. तो मी "त्या रस्त्यावर तुला खरोखर काय दिसलं?" असा विचारला असता. पण तिचं निरीक्षण खरं आहे. त्या मुलाने रस्ता पाहिलाच नव्हता, मार्गदर्शक पुस्तकातली उधळण उचलून टाकली होती.

काल त्याने पुन्हा लिहिलं. पहिली दोन वाक्यं स्वतःच काढून टाकली. आता सुरुवात स्टँडवर होते. आजी पैसे मोजते, ते दोन अर्ध्या तिकिटांपुरतेच आहेत. आजीचं तिकीट सवलतीमुळे अर्धं. एसटीत मुलांचं अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत, आणि याला तेव्हा बारा पूर्ण होऊन दोन महिने झालेले. कंडक्टर वय विचारतो, आजी "अकरा" म्हणते. हा उंच मुलगा गुडघे दुमडून खिडकीकडे तोंड करतो आणि मावशीचं घर येईपर्यंत आजीकडे बघत नाही. कळलं तो प्रवास अविस्मरणीय का होता? ही गोष्ट पहिल्या वेळीही त्याच्याकडे होतीच. ती बाहेर यायला कोणीतरी पाचव्या वाक्यावर थांबावं लागलं.

चिठ्ठीत शुद्धलेखनाचा एक शब्द नाही, हे पाहिलंत? त्या परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या, मी त्या तुम्हाला वाचून दाखवताना गिळल्या. त्यातल्या दोन ज्या वाक्यांत होत्या ती वाक्यंच उडाली. उडणाऱ्या वाक्याची वेलांटी दुरुस्त करत बसणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं.

आधी काय आणि मग काय, याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइसी नावाचं शहर आहे. तिथल्या पहिलीतल्या एका मुलाने फुलपाखराचं चित्र काढलं. रॉन बर्गर नावाचे शिक्षक ते चित्र आजही शिक्षकांना आणि मुलांना दाखवतात. त्या मुलाला टायगर स्वॅलोटेल जातीचं फुलपाखरू छायाचित्रात बघून काढायचं होतं. पहिलं चित्र तुम्ही पहिलीत काढलं असतंत तसंच, गोल गोल पंखांचं. वर्गातल्या मुलांनी आधी फक्त आकाराबद्दल सांगितलं: पंख टोकदार कर, त्रिकोणासारखे. आकार जमल्यावरच ती पंखांवरच्या पट्ट्यांकडे वळली. शेवटचं चित्र पाहिलं तर ते त्याच पोराने काढलंय यावर विश्वास बसत नाही. बर्गर सांगतात, शेरा मायाळू हवा, नेमका हवा आणि उपयोगी हवा. सहा-सात वर्षांच्या पोरांना जे जमलं ते नववीत आलेल्या, मिशा फुटायला लागलेल्या तुम्हाला जमत नाही. निबंधाचंही तसंच, आधी आकार, मग पट्टे.

आता फळ्यावरचं उतरवून घ्या. प्रत्येक वाचनाच्या वेळी हे समोर हवं.

पहिल्यांदा वाचताना हात रिकामा आहे का? पेन्सिल हातात असली की डोळे चुका शोधतात आणि गोष्ट निसटते. पेन्सिल दुसऱ्या वाचनाला.

हा निबंध काय सांगतो, ते मला एका वाक्यात सांगता येतं का? आलं तर ते वाक्य शेऱ्यात आधी लिहा, लिहिणाऱ्याला कळेल आपलं पोहोचलं की नाही. नाही आलं, तर तेच प्रामाणिकपणे लिहा: "दोनदा वाचलं, पण सहलीबद्दल आहे की भांडणाबद्दल ते मला ठरवता आलं नाही."

कुठली एक जागा जिवंत वाटली? ओळ दाखवून लिहा. कौतुक करायला माझी बंदी नाही, पत्ता नसलेल्या कौतुकाला बंदी आहे.

कुठे अडखळलो? वाक्याची सुरुवात "मी" ने करा, "तू" ने नको. "तू गोंधळ घातलास" असं न लिहिता "तिसऱ्या परिच्छेदात काका आले, ते कोणाचे काका ते मला कळलं नाही" असं लिहा. अशा जास्तीत जास्त दोन जागा. नऊ जागा दाखवल्या तर तो एकही दुरुस्त करणार नाही, वही मिटून ठेवेल. मीही ठेवली असती.

आणि ज्याची वही आहे त्याने काय करायचं? शेरा ऐकताना तोंड बंद. "अगं, पण मला म्हणायचं होतं की..." हे चालणार नाही. म्हणायचं होतं ते कागदावर का नाही, हाच तर प्रश्न आहे. मग खाली दोन ओळी लिहायच्या: कुठली सूचना घेतली, कुठली घेतली नाही आणि का. सगळ्या घ्यायची सक्ती नाही. "वावर ठेवला, कारण आजोबा तेच म्हणतात," असं कोणी लिहिलं तर मी पूर्ण गुण देईन.

मागच्या बाकावर कुजबुज चाललीय की खरं लिहिलं तर मैत्री तुटेल. म्हणून पहिला सराव माझ्यावर. मी रात्री मुद्दाम बिघडवून एक उतारा लिहिलाय, तो फळ्यावर घेते. माझ्याशी तुमची मैत्री नाही, तेव्हा तुटायचाही प्रश्न नाही.

"माझे शाळेतले दिवस फार सुंदर होते. शाळा गावाबाहेर होती. आमच्या बाई कडक पण प्रेमळ होत्या. एकदा माझी पाटी फुटली. मी ती दिवसभर दप्तरात झाकून ठेवली. गुरूंचे ऋण कधीच फेडता येत नाही."

सहा मिनिटं. तीन मिनिटं हात रिकामा, तीन मिनिटं पेन्सिल. एका चिठ्ठीवर एकच शेरा, चिठ्ठीवर नाव नको. मग चिठ्ठ्या गोळा करून चार-चार जणांच्या गटांत वाटेन. त्यांचे तीन ढीग करायचे. कुठल्याही वहीवर चिकटतील त्या डावीकडे. जागा दाखवतात पण पुढे काय करू ते कळत नाही, त्या मध्ये. वाचून मला लगेच लिहायला बसता येईल, त्या उजवीकडे. डावीकडच्या चिठ्ठ्या गटाने मिळून पुन्हा लिहायच्या आणि उजवीकडे न्यायच्या. मधल्यांवर भांडण होईल, होऊ द्या. पण भांडण चिठ्ठीवर, लिहिणाऱ्यावर नाही.

गटात एकही चिठ्ठी उजवीकडे गेली नाही तर बाकं लावून मधल्या सुट्टीत थांबायचं. तुमच्याबरोबर मीही थांबेन, डबा आणलाय.

तिसऱ्या बाकावर, पेन्सिल खाली. पहिली तीन मिनिटं सुरू झालीत. आणि पाटी का झाकली, ते मला तोंडी विचारू नकोस. चिठ्ठीवर लिही.