नोंदवहीतला नंबर आणि दारावरचा नंबर

अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याने निघाले की नागापूर लागते. इथे औद्योगिक वसाहत आहे. गावाचा काही भाग महापालिकेत, तर शेजारच्या नवनागापूरला स्वतंत्र ग्रामपंचायत. कामासाठी बाहेरगावाहून आलेली माणसे या भागात खोल्या भाड्याने घेऊन राहतात. एमआयडीसीतला कारखाना नवख्या ट्रकचालकालाही फारसे न विचारता सापडतो, कारण तिथे आधी नकाशा आखला गेला, ब्लॉकनुसार भूखंडांना नंबर पडले आणि बांधकाम त्यानंतर उभे राहिले. ग्रामपंचायतीच्या हद्दीत नेमके उलटे घडते. आधी घर बांधले जाते आणि नंबर त्याच्या मागून येतो.

हा नंबर येतो नमुना आठमधून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतून. पहिली आकारणी करताना कर्मचारी गावठाणात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, त्यामुळे सुरुवातीचे नंबर बहुधा ओळीने पडतात. समजा, असे 340 नंबर झाले. पुढच्या वर्षी 117 आणि 118 यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कोणी घर बांधले. नोंदवहीत त्याची नोंद शेवटी होते आणि त्याला 341 मिळतो. त्यानंतरचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला झाले, तर ते 342. आता 341 आणि 342 हे कागदावर शेजारी आहेत, पण गावात नाहीत. पुढे 118 नंबरच्या घरात भावाभावांच्या वाटण्या होऊन 118/1 आणि 118/2 झाले, तर या तिरक्या रेघेवरून वाटणी कळते, जागा कळत नाही. फेरआकारणीत सगळे नंबर नव्याने लावले, तर आणखी एक भर पडते : दारावर जुनी पाटी, पावतीवर नवा नंबर.

करवसुलीसाठी ही पद्धत मुळीच चुकीची नाही. ग्रामपंचायतीला हवी असते प्रत्येक मिळकतीची एकमेव, न बदलणारी ओळख, आणि नोंदीचा क्रम ती उत्तम देतो. मधल्या घरासाठी पुढचे सगळे नंबर सरकवले, तर जुन्या पावत्या, वीजजोडणी, बँकेचे कर्जप्रकरण यांचा मेळच बसणार नाही. अडचण होते ती या नंबरला पत्ता मानले जाते तेव्हा. गावातल्या माणसाला नंबर लागतच नाही, तो आडनावावर आणि आळीवर घर शोधतो. नंबरची खरी गरज असते परक्याला : रात्री 108ची रुग्णवाहिका घेऊन आलेल्या चालकाला, बदलून आलेल्या पोस्टमनला, कुरिअरच्या मुलाला. तो 117 पाहतो, पुढे 341 दिसतो आणि आपण चुकलो असे समजून योग्य गल्लीतून माघारी फिरतो.

युरोपने हा गोंधळ पूर्वीच अनुभवला आहे. हाब्सबर्ग साम्राज्यात 1770च्या सुमारास सैन्यभरतीसाठी घरांना नंबर दिले गेले, आणि नवे घर झाले की त्याला यादीतला पुढचा नंबर मिळे. व्हिएन्नाने 1862मध्ये रस्त्यांनुसार नंबर लावले. प्रागने जुना नंबर पुसला नाही. तिथे आजही घरांवर दोन पाट्या दिसतात : लाल पाटीवर नोंदणीचा नंबर, निळ्या पाटीवर रस्त्यावरचे स्थान सांगणारा नंबर.

आपल्या गावांना हीच वाट सोयीची आहे, फक्त निळ्या पाटीचा नंबर अंतरावरून ठरवावा. फ्रान्सच्या ग्रामीण भागात ही पद्धत वापरतात. गल्ली मुख्य रस्त्याला जिथे फुटते तिथे शून्य धरायचे, टेप लावून दारापर्यंतचे मीटर मोजायचे, डावीकडे विषम आणि उजवीकडे सम आकडा द्यायचा. डावीकडचे दार 236 मीटरवर असेल तर नंबर 237. उद्या 60 आणि 90 यांच्यामध्ये उजवीकडे घर झाले, तर त्याला 74 किंवा 76 सहज मिळतो आणि कोणाचाही नंबर हलत नाही. शिवाय 237 वाचणाऱ्याला अजून किती आत जायचे तेही कळते.

याला मर्यादा आहेत. एका चौकाभोवती पाच बिऱ्हाडे असलेल्या वाड्याला एकच दार असते, तिथे नंबरपुढे अक्षर जोडावे लागेल. त्याहून अवघड काम गल्लीला नाव देण्याचे आहे, कारण नावावरून गावात वाद पेटतात. तो निर्णय ग्रामसभेतच व्हायला हवा, आणि एकमत होत नसेल तर गल्ल्यांना तूर्त क्रमांक द्यावेत.

नमुना आठमधल्या नंबरांना हात लावण्याची गरज नाही. त्यात दाराच्या नंबरसाठी एक रकाना वाढवावा आणि नव्या घराची नोंद करतानाच तो भरावा. नागापूर परिसरासारख्या, दरवर्षी नवी माणसे येणाऱ्या गावांच्या ग्रामसभांनी हा ठराव आधी करावा.