ढगाकडून थेंबाकडे

इंद्रधनुष्य म्हणजे ढगावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश, असे ॲरिस्टॉटलने मांडले आणि पुढे शतकानुशतके विद्वानांची नजर ढगावरच राहिली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खाली उतरली. जर्मनीतला धर्मगुरू थिओडोरिक आणि इराणातला कमालुद्दीन फारिसी या दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना एकच गोष्ट केली. पावसाच्या थेंबात डोकावता येत नाही, म्हणून त्यांनी काचेच्या गोलात पाणी भरून मोठा थेंबच तयार केला. प्रकाश आत शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो, हे त्यांना त्यात दिसले. या कथेतली सर्वांत मोठी उडी हीच, असे मला वाटते.

पण थेंबावर किरण सगळीकडेच पडतात, मग कमान एकाच ठिकाणी का? देकार्तने १६३७ मध्ये याचे उत्तर आकडेमोडीने दिले. थेंबाच्या मधोमध पडलेला किरण सरळ मागे येतो. जसजसे कडेकडे जावे तसतसा परतीचा कोन वाढतो, पण सुमारे ४२ अंशांवर ही वाढ थांबते आणि कोन पुन्हा कमी होऊ लागतो. या वळणापाशी असंख्य किरणांची गर्दी होते आणि तिथेच झळाळी दिसते. रंगांचे स्पष्टीकरण मात्र देकार्तला साधले नाही. प्रकाशकणांच्या गिरक्यांमुळे रंग उमटतात, हा त्याचा तर्क चुकीचा होता.

ते कोडे न्यूटनच्या लोलकाने सोडवले. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग आधीच असतात आणि पाण्यात तांबडा सर्वांत कमी, तर जांभळा सर्वांत जास्त वाकतो. म्हणून गर्दीचा कोन तांबड्यासाठी सुमारे ४२ अंश, तर जांभळ्यासाठी ४० च्या आसपास येतो. उंचावरच्या थेंबाचा तांबडा किरण आपल्या डोळ्यात शिरतो आणि त्याचाच जांभळा किरण डोक्यावरून निघून जातो. खालच्या थेंबाचा जांभळा डोळ्यात येतो, तर तांबडा पायाशी पडतो. म्हणजे एका थेंबाकडून आपल्याला एका वेळी जवळपास एकच रंग मिळतो. पाण्याचा हा गुण जगभर सारखाच, त्यामुळे रंगांचा क्रमही नेहमी सारखाच: तांबडा बाहेर, जांभळा आत.

तरीही ‘नेहमी’ म्हणताना थोडे जपून. कधी कधी वरच्या बाजूला, सुमारे ५१ अंशांवर, दुसरी फिकट कमान दिसते. तिच्यातला प्रकाश थेंबात दोनदा परावर्तित झालेला असतो, म्हणून तिचा तांबडा आतल्या बाजूला येतो. दोन्ही कमानींमधले आकाश काळपट दिसते, कारण तिथले थेंब यांपैकी कोणत्याही वाटेने आपल्याकडे प्रकाश पाठवत नाहीत.

हे सगळे कोन मोजायचे ते आपल्या डोक्याच्या सावलीकडे जाणाऱ्या रेषेपासून. त्यामुळे सूर्य ४२ अंशांहून वर चढला की सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला, पाऊस कितीही पडो, आकाशात ही मुख्य कमान दिसत नाही.