गुरुवारपर्यंत थांबायचं की नाही?

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांना सुट्टी बहुधा गुरुवारी असते. त्यामुळे इथलं दुखणंही 'गुरुवारी दाखवू' म्हणून पुढे ढकललं जातं. टाके पडलेल्या माणसाला घरी पाठवताना म्हणूनच वारांचा हिशोब समजावून सांगावा.

समजा, पत्र्याच्या धारेने एका कामगाराचं बोट तळव्याच्या बाजूने, पेराच्या वळीवर कापलं. शुक्रवारी टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. कार्डावर इंग्रजीत दोन ओळी: जखम कोरडी ठेवा, टाके 12 दिवसांनी. पण एरवी दिवसभर ज्याचे हात कूलंटमध्ये असतात, त्याने कोरडी ठेवायची म्हणजे काय? आंघोळीला हातावर पिशवी बांधायची. पट्टी भिजली तर अंगावर सुकू न देता बदलायची. मशीनवर जायचं नाही. रबरी हातमोजा घातला तरी आत घामाने जखम ओलीच राहते. हळद, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. झोपताना हात उशीवर उंच ठेवला की सूज उतरते.

चेहऱ्याचे टाके साधारण पाचव्या दिवशी निघतात, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर. बोटाच्या पेरावर मात्र 10 ते 14 दिवस लागतात, कारण बोट हललं की जखमेच्या कडा ताणतात. टाके निघाल्यावरही नव्या कातडीत ताकद फार थोडी असते, तेव्हा लगेच जड उचलायचं नाही.

आता धोक्याची खूण. पहिले दोन दिवस कडा लालसर दिसणं, थोडी सूज, पट्टीला पातळ पाण्याचा डाग, हे चालतं. दुखणं मात्र रोज उतरलं पाहिजे. सोमवारी ते शनिवारपेक्षा जास्त ठणकत असेल, तर आत काहीतरी बिघडतंय. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली, पू किंवा घाण वास आला, 100.4 च्या वर ताप चढला, तर त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर दुखणं कमी जाणवू शकतं, म्हणून जखम रोज डोळ्यांनी बघा.

आणि पूर्ण बोट सुजून वाकलेलं राहिलं, सरळ करताना जीव जाईल अशी कळ आली, किंवा मनगटाकडे लाल रेघ चढू लागली, तर रात्रपाळी संपायचीही वाट पाहायची नाही. बोट वाकवणाऱ्या दोरीच्या म्यानात पू झाला की काही तासांच्या उशिराने बोट कायमचं ताठ होऊ शकतं. पिंपरीच्या वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. थेट तिथे जायचं.

शुक्रवारी पडलेल्या टाक्यांचा बारावा दिवस बुधवारी येतो. त्या दिवशी खाडा नको म्हणून टाके गुरुवारी काढले तरी बिघडत नाही. सोमवारी वाढलेल्या ठणक्याला मात्र ही सवलत नाही.