सव्वा कोटी कुठून आणलेस?

सव्वा कोटी. हा आकडा आला कुठून, एवढंच सांग. "चालू भाव आहे" हे उत्तर मला देऊ नकोस. कंपनीत खरेदी खातं सांभाळतोस ना तू? पुरवठादाराने कोटेशन पुढे केलं की "आधी मागच्या तीन खरेद्यांचे दर दाखवा" म्हणणारा तूच ना? मग स्वतःचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढलास तेव्हा ती अक्कल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलास का?

तुझा हिशेब मी काढलाय. एजंट म्हणाला, "इकडे पंधरा हजार तीनशेचा रेट आहे." तू १९९८ चा करारनामा काढलास, त्यात ८२० चौरस फूट सेलेबल दिसलं. गुणाकार केलास, सव्वा कोटी आले, खूश झालास. अरे, तो रेट कार्पेटचा होता! तुझं कार्पेट ६४० आहे. जिना, भिंती आणि पॅसेज मिळून १८० फुटांचे साडेसत्तावीस लाख तू गिऱ्हाइकाच्या माथी मारायला निघालास. मग साइटवर कुणाची तरी १ कोटी २७ लाखांची जाहिरात दिसली आणि तुझं समाधान झालं. ती विक्री होती का? नाही. तो तुझ्यासारख्याच एका माणसाचा हट्ट होता. दोन हट्टांची बेरीज म्हणजे बाजारभाव नव्हे.

पाच महिने झाले. पहिल्या महिन्यात माणसं येऊन गेली, आता फोनसुद्धा येत नाही. आणि तू म्हणतोस, मार्केट थंड आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

"जास्त सांगितलेलं बरं, कमी कधीही करता येतं." ही तुझी लाडकी पळवाट. घासाघीस करायला समोर माणूस लागतो की नाही? एक कोटीपर्यंतचं बजेट असलेला माणूस साइटवर एक कोटीचीच मर्यादा टाकून शोधतो. त्याला तुझा फ्लॅट दिसतच नाही. तो काय हवेशी घासाघीस करणार? आणि सव्वा कोटीवाला येतो, त्याला त्या पैशात लिफ्टवाली नवी इमारत मिळते. तुझा एजंट तरी माणसं का आणत होता, विचारलंस कधी? आधी तुझा फ्लॅट दाखवायचा, मग शेजारचा. शेजारचा स्वस्त वाटतो आणि सौदा तिथे होतो. दुसऱ्याचं घर विकलं जावं म्हणून तुझं घर दाखवलं जात होतं, आणि तू चहा पाजत होतास.

आता कामाला बस. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदवलेल्या दस्तांची सूची दोन दिसते. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, तारीख, बहुधा मजलाही. तुझा सर्व्हे नंबर तुझ्या करारनाम्यात आहे. शेजारच्या सोसायट्यांचे विचारायला किती वेळ लागतो? वर्षभरातले, चालत जाण्याच्या अंतरातले, तुझ्यासारखेच टू बीएचके शोध. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुण. ते कार्पेट आहे की बांधीव, हे दस्तात वाच. तीच चूक परत केलीस तर माझ्याकडे येऊ नकोस.

समज, तुला चार नोंदी मिळाल्या.

पहिली तुझ्याच सोसायटीतली. दुसरा मजला, ६४० कार्पेट, आठ महिन्यांपूर्वी ९८ लाख. फुटाला साधारण १५,३००. तेव्हापासून भाव दोनेक टक्के वर गेला असेल तर तेवढे मिळव. पण तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून तेवढेच वजा कर. पुन्हा १५,३००.

दुसरी शेजारच्या सोसायटीतली. लिफ्ट आहे, इमारतही नवी. ७०० कार्पेट, १ कोटी १९ लाख, म्हणजे १७,०००. ही बघून लगेच उड्या मारू नकोस! लिफ्ट आणि नवेपणा यांचे नऊ टक्के काढ, की १५,५०० च्या आत येते. नऊच का? लिफ्टवाल्या आणि बिनलिफ्टच्या इमारतींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. तोच वापरायचा, मनातला नाही.

तिसरी मागच्या गल्लीतली. पहिला मजला, ६१० कार्पेट, साडेएक्याण्णव लाख. पण बंद पार्किंग नाही. तुला आहे. त्याचे चार लाख मिळव, खालच्या मजल्याचे तीन टक्के वजा कर. १५,२००.

चौथी ८२ लाखांची. मोबदला आणि सरकारी बाजारभाव रुपया न् रुपया सारखे. इथे कान टवकार. अशा दस्तात काही रक्कम कागदाबाहेर गेलेली असू शकते, किंवा व्यवहार घरातल्या घरात झालेला असू शकतो. देणारा-घेणारा एकाच आडनावाचे आहेत का बघ. ही नोंद बाजूला ठेव. पण "सगळेच काळे घेतात, म्हणून खरा भाव सव्वा कोटीच" असं म्हणत उरलेल्या तीनही फेकून देऊ नकोस. सोयीचं तेवढं उचलायचं याला अभ्यास म्हणत नाहीत.

दुरुस्तीनंतर तिन्ही नोंदी १५,२०० ते १५,५०० मध्ये आल्या. त्या इतक्या जवळ आल्या म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. त्या विखुरल्या असत्या तर आणखी नोंदी शोधाव्या लागल्या असत्या, सरासरी काढून मोकळं होता आलं नसतं. गुणिले ६४०. सव्वा सत्त्याण्णव ते सव्वा नव्याण्णव लाख. तुझ्या घराची किंमत ही आहे, साधारण ९८. सव्वा कोटी नाही. गिळ.

आता बहाणे काढ, ऐकतो. "इंटिरिअरला चौदा लाख घातले." कुणी सांगितलं होतं? येणारा ते जांभळं किचन पहिल्या आठवड्यात फोडणार आहे. "बाणेरचा थ्री बीएचके घ्यायचाय, एक वीस तरी लागतात." तुझी गरज तुझी. ती भरून काढायला दुसऱ्याने का झिजायचं? बाजारात तुरी, आणि तू नव्या घराचे पडदे निवडतोयस. "सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार आहे." विकसकाशी करारनामा नोंदवला गेलाय? नाही. सभेत ठराव झाला, एवढंच. ही आशा तर आठ महिन्यांपूर्वी ९८ लाख देणाऱ्यालाही होतीच की! तिची किंमत त्याच आकड्यात आली आहे. ती दुसऱ्यांदा वसूल करायची नसते.

आणि बँकेचं गणित तरी केलंस का? तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, त्याहून मोठ्या कर्जात ७५, आणि करारातली किंमत व मूल्यांकन यांतली कमी असेल ती धरते. समज, एखादा भोळा १ कोटी १५ लाखांना तयार झाला. बँकेचा माणूस येऊन ९८ लिहून गेला. कर्ज मिळेल फार तर पंच्याहत्तर. बाकीचे चाळीस त्याने पदरचे आणायचे, वर मुद्रांक शुल्क वेगळं. ९८ ला घेतलं असतं तर तेवीस लागले असते. तो भोळा असला तरी बँक भोळी नाही. टोकन परत मागायला तो तुझ्याच दारात येईल.

म्हणजे ९८ च सांगायचे? तेही नाही! आता दुसऱ्या टोकाला जाऊन डोकं आपटू नकोस. इथलं गिऱ्हाईक कमी केल्याशिवाय घेत नाही. त्याला घरी जाऊन "पाडून घेतला" असं सांगायचं असतं. त्याला ती जागा दे. किती? तेही शेजारच्या सौद्यांनाच विचार. तुझ्या सोसायटीतल्या त्या फ्लॅटला १ कोटी २ लाख सांगितले होते, नोंद ९८ ची झाली. तू त्याच जिन्याने ये-जा करतोस, तुला हे ठाऊक होतं. चार टक्के. म्हणजे तूही १ कोटी २ सांगू शकतोस. पण एक कोटीची मर्यादा लावणारे सगळे त्या दोन लाखांपायी सुटतील. म्हणून सरळ एक कोटी सांग. दोन लाख घासाघिशीचे, आणि गिऱ्हाईक जास्त.

घर उघडायच्या आधी तळाचा आकडा कागदावर लिही. हिशेबाची खालची बाजू सव्वा सत्त्याण्णव. घर रिकामं आहे. बुडणारं भाडं आणि मेंटेनन्स मिळून महिन्याला २८,००० जातात. आणखी तीन महिने थांबलास तर ८४,००० गेले. तेवढे वजा कर. जवळजवळ साडेशहाण्णव. त्याखाली नाही. बायकोला सांग, एजंटला नाही. त्याला दलाली सौदा झाला की मिळते, तुझे दोन लाख वाचले म्हणून नव्हे.

मग तोंड सांभाळ. "शेवटचं किती?" असं फोनवर विचारलं की तू लगेच दोन लाख खाली येतोस, माहीत आहे मला. समोरच्याने आकडा सांगितलाच नाही, तर तू कुणाशी भांडतोयस? आधी घर बघू दे, मग त्याला आकडा सांगू दे. तो ९४ म्हणाला तर चिडू नकोस. तीन नोंदी पुढे ठेव आणि पावणेनव्याण्णव सांग. पुढची पायरी लहान, सव्वा अठ्ठ्याण्णव. त्यापुढची आणखी लहान, ९८. पायऱ्या आखडत गेल्या की तळ जवळ आलाय हे त्याला न सांगता कळतं. दर वेळी लाख-लाख सोडलेस तर आणखी लाख का सुटणार नाही, असं त्याने का समजू नये? आणि सोडताना काहीतरी माग. टोकन आज, करारनामा तीन आठवड्यांत. फुकट सोडलेला पैसा दिसत नाही.

एक कोटीला तीन-चार आठवडे दे. माणसं येऊन बघून जातात पण आकडा कुणी बोलत नाही, तर किंमत अजून जास्त आहे. माणसंच येत नाहीत, तर खूपच जास्त आहे, नाहीतर जाहिरातच कुणाला दिसत नाहीये. पहिल्याच दिवशी तिघे टोकन घेऊन उभे राहिले, तर मात्र तुझ्या नोंदी जुन्या होत्या. सही करू नकोस, पुन्हा शोध.

यातलं एकही काम तुला अवघड नाही. ऑफिसात बोल्टांच्या खरेदीसाठी तू याहून जास्त कागद चाळतोस. तिथे चुकलं तर साहेब विचारतो, म्हणून. इथे विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून पाच महिने स्वतःलाच फसवत बसलास. आता मी विचारतोय. रविवारी तीन सूची दोन आणि तळाचा आकडा लिहिलेला कागद घेऊन ये. नुसता "चालू भाव" घेऊन आलास तर दार उघडणार नाही.