मायबाप साहेब आणि दीडशे शब्द

जूचंद्रला आमच्या शेजारच्या काकींचा नळजोडणीचा अर्ज आठ महिने एका कार्यालयात पडून होता. दर खेपेला "फाईल वर गेलीय" एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी माहिती अधिकारात विचारायचं ठरलं. कच्चा अर्ज काकींनीच लिहून आणला:

"आदरणीय साहेब, आपल्या चरणी सविनय नम्र विनंती की, मी एक गरीब विधवा बाई असून आपणच माझे मायबाप आहात, तरी मेहरबानी करून माझ्या अर्जाकडे कृपादृष्टीने पाहावे."

पंचवीस शब्द झाले, आणि नळाचं नाव नाही. महाराष्ट्रात 2012 पासूनचा नियम असा की माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत हवा. म्हणजे सहावा हिस्सा मायन्यातच गेला.

पण मला खटकली ती लांबी नाही. "कृपादृष्टीने पाहावे" याला "पाहिले" असं उत्तर देऊन कुणीही मोकळा होऊ शकतो. शिवाय 2005 च्या कायद्याचं कलम 6(2) सांगतं की माहिती का हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही. काकींनी मात्र न विचारता आपलं वैधव्य पुढे केलं होतं. काकी विधवा नसत्या तर माहिती मिळाली नसती की काय?

मी लिहिलं: "महोदय, माझ्या नळजोडणी अर्जावर (आवक क्रमांक व दिनांक सोबत) आजवर कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याकडे, काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदी व शेऱ्यांच्या प्रती मिळाव्यात." वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत तीस दिवस.

काकींना ते आवडलं नाही. "भांडायला गेल्यासारखं वाटतंय रे," त्या म्हणाल्या. "नम्रपणा माझा आहे, त्या साहेबाचा नाही."

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात मी धाकट्या भावासाठी त्याच्या कॉलेजला पत्र लिहिलं होतं, कारण त्याची फॉर्मची तारीख चुकली होती. तिथे मी स्वतःच "नम्र विनंती" लिहिलं, आईच्या आजारपणाचं कारणही दिलं. चूक आमची होती आणि प्राचार्यांना नाही म्हणायची पूर्ण मुभा होती. समोरच्याला नकार देता येत असेल तर विनंती हा खरा शब्द. त्याला नकाराचा हक्कच नसेल, तर "मेहरबानी" म्हणजे आपण आपल्याच हक्काबद्दल लिहून दिलेलं खोटं. सवयीनं आपलाही त्यावर विश्वास बसतो, आणि त्या साहेबाचाही.

"महोदय" मात्र दोन्हीकडे राहिलं. टेबलामागेही माणूसच बसलेला असतो.

शेवटचं "आपली आज्ञाधारक" खोडून मी "आपली विश्वासू" केलं. काकींनी माझ्या हातातून पेन घेतलं, "मिळाव्यात"च्या आधी बारीक अक्षरात "कृपया" घातलं आणि सही केली. ते मी तसंच राहू दिलं.