निरोपाच्या भाषणातलं तण

खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाई ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. कागदावर जन्मतारीख १ जून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी कितीजणांना हीच तारीख बहाल केली! आणि एक तारखेला जन्मलेला माणूस नियमाने आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो.

त्यांचाच एक विद्यार्थी, आता त्याच शाळेत शिक्षक, निरोप समारंभात इंग्रजीतून 'टोस्ट' देणार आहे. (आपल्याकडे टोस्ट चहात बुडवतात. इथे पेला उंचावायचा, तोही कोकम सरबताचा.) मजकूर त्याने मला दाखवला. बाई म्हणजे 'गार्डनर', मुलं 'सीडलिंग्ज', पुढे 'ब्लूम' वगैरे. मग एक वाक्य आलं: 'यू पुल्ड आउट द वीड्स.'

तण म्हणजे नको तिथे उगवलेलं रोप. मी विचारलं, शाळेतलं तण कोण रे?

तो गप्प झाला. त्याला माहीत होतं. दहावीचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून कच्च्या पोरांना नववीतच अडकवायचं, नाहीतर 'सतरा नंबर भर' म्हणून बाहेरून बसायला लावायचं, ही बेणणी कितीतरी शाळांत चालते. एका वर्षी तीन मुलांबाबत हेच ठरत होतं, तेव्हा बाई अडून बसल्या. तिघंही शाळेतूनच परीक्षेला बसली. दोघं इंग्रजीतच नापास झाली आणि फलकावरचा शंभराचा आकडा गेला. ज्या बाईने तण उपटायला नकार दिला, तिचं कौतुक हा तण उपटल्याबद्दल करत होता.

मुळात बागेची उपमाच इथे उपरी वाटते. कर्जत-खालापूरकडे रोप म्हटलं की राब आठवतो. एकरभर लावणीला चार-एक गुंठे राब पुरतो. रोप तीन आठवड्यांचं झालं की उपटून, मुठी बांधून दुसऱ्या वावरात न्यायचं. माया करून राबातच ठेवलं तर ते उंच होतं, पण पुढे फुटवे कमी धरतं. माळी आपल्या बागेतलं फूल बघतो. राबातलं रोप मात्र पिकतं दुसरीकडेच.

त्याने 'गार्डन' खोडून 'सीडबेड' केलं, 'ब्लूम' काढून टाकलं आणि त्या तीन मुलांची गोष्ट, नावं न घेता, चार वाक्यांत घातली. शेवट असा: 'शी नेव्हर वीडेड. शी ट्रान्सप्लांटेड.' वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

समारंभाचा मांडव आणि माइक त्या नापास दोघांपैकी एकाचा आहे.